कव्हर लेटर: संपादकाला सांगायचं तरी काय?

(बोदलकसा इथं अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसमोर झालेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल त्यांनी वाचून घ्या.)

आजचा विषय छोटा आहे, एका पानाचा. तुम्ही धर्म, जत्रा, देवदेवता, पंथ अशा विषयावर शोधनिबंध लिहिलाय आणि तो एखाद्या जर्नलला पाठवायचाय. निबंधासोबत संपादकाला एक पत्र जातं, त्याला कव्हर लेटर म्हणतात. बहुतेक जण हे पत्र शेवटच्या पाच मिनिटांत लिहितात. 'सोबत निबंध जोडला आहे, कृपया प्रकाशित करावा, आपला विश्वासू.' झालं. असं पत्र चुकीचं नसतं, पण त्यातून संपादकाला काहीच कळत नाही.

आपण एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. उदाहरण इथलंच घेतो. समजा, तिरोडा तालुक्यातली, बोदलकशाच्या तलावाजवळच्या गावातली एक मुलगी आहे. एम.ए. झालीय, घर गोंड समाजाचं. दरवर्षी माघ पौर्णिमेला घरचे लोक तिरोड्याहून गाडी धरतात, गोंदिया ओलांडून सालेकसा-दरेकसाच्या बाजूला उतरतात आणि धनेगावजवळच्या कचारगडच्या गुहेकडे जातात. तुमच्यापैकी बरेच जण गेले असाल. तिथं पारी कुपार लिंगोची कथा सांगितली जाते. गुहेत कोंडलेली मुलं, त्यांच्यासाठी झुरणारी काली कंकाली, मदतीला आलेली जंगो रायताड आणि मुलांना बाहेर काढणारा लिंगो.

या मुलीनं सलग दोन वर्षं जत्रेत लोकांना एकच गोष्ट विचारली: लिंगोची कथा तुम्ही कशी सांगता आणि ती तुमच्याकडं कुठून आली? समजा, तिनं 30 जणांची सांगणी नोंदवली. तिला दिसलं की तरुण मुलं कथा सांगताना जत्रेतल्या छापील पुस्तिकांचा क्रम धरतात. वयस्क बायका मात्र कथा आपल्या कुळाला, म्हणजे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे या विभागणीला जोडून सांगतात आणि त्यांचा क्रम वेगळा असतो. मुलगी आणि तिचे आकडे मी समजण्यासाठी रचलेत. कचारगड, जत्रा आणि कथा खऱ्या आहेत.

आता तिला पत्र लिहायचंय.

पत्र कोण वाचतं?

आधी हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावरून ठरतं. मानव्यविद्यांच्या बऱ्याच जर्नलांमध्ये परीक्षण दोन्ही बाजूंनी निनावी असतं. म्हणजे निबंध तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळत नाही आणि लेखकाला तपासणारा कोण ते कळत नाही. म्हणून निबंधाच्या फाइलमधून तुमचं नाव, कॉलेज, आभार सगळं काढून टाकायला सांगतात.

कव्हर लेटर मात्र संपादक वाचतो. सहसा ते परीक्षकांकडे जातच नाही. म्हणजे तुम्ही कोण, त्या समाजातले की बाहेरचे, हे काम कुठल्या पदवीसाठी झालं, हे संपादकाला मोकळेपणानं सांगायची जागा म्हणजे हे पत्र. निबंधात लपवायचं आणि पत्रात सांगायचं, असं ते गणित आहे. मात्र जर्नलच्या 'लेखकांसाठी सूचना' या पानावर काही वेगळं लिहिलं असेल, तर तेच प्रमाण मानायचं.

आणि संपादक पत्र कशासाठी वाचतो? त्याच्यापुढं पहिला प्रश्न असतो, हा निबंध परीक्षकांकडे पाठवायचा की नाही. बरेच निबंध इथूनच परत जातात. ते वाईट असतात म्हणून नव्हे, त्या जर्नलच्या कक्षेत बसत नाहीत म्हणून. तुमचा निबंध आठ-दहा दिवसांत 'आमच्या कक्षेत बसत नाही' एवढ्याच एका ओळीवर परत आला, तर समजा की तो परीक्षकांपर्यंत गेलाच नाही. तेव्हा मजकूर बदलायच्या आधी जर्नलची निवड आणि पत्राचा पहिला परिच्छेद बघायचा.

पहिला परिच्छेद: श्रद्धेचा दावा आणि अभ्यासाचा दावा

धर्माच्या विषयात पत्र जिथं हमखास घसरतं ती जागा ही. आपल्या मुलीनं पहिल्यांदा असं लिहिलं असं समजा: 'कचारगड हे जगातील सर्वांत प्राचीन धर्मस्थळ असून कोया पुनेम हा मानवाचा मूळ धर्म आहे, हे मी या निबंधात सिद्ध केले आहे.'

हे वाक्य जत्रेतल्या भाषणात चालेल. तिथं ते श्रद्धेचं आणि स्वाभिमानाचं वाक्य आहे आणि त्याला मान आहेच. पण संपादकाला ते वाचून एकच शंका येते: 30 मुलाखतींवरून हे सिद्ध कसं झालं? तिच्याकडं 'प्राचीन' म्हणायला उत्खनन नाही, 'मूळ धर्म' म्हणायला काही साधन नाही. जे साधन तिच्याकडं आहे, म्हणजे लोकांची सांगणी, त्याचा त्या वाक्यात पत्ताच नाही. तिचं खरं काम तिनं स्वतःच झाकून टाकलं.

उलट टोकाची चूकही होते. कुणी लिहितं, 'आदिवासींमधील अंधश्रद्धांचा हा अभ्यास आहे.' इथंही निकाल आधीच देऊन टाकला. धर्माच्या अभ्यासात देव खरा की खोटा हा प्रश्न सहसा बाजूला ठेवतात. माणसं काय करतात, काय सांगतात, कधीपासून, कुणाकडून शिकून, आणि त्यात काय बदललं, यावर बोलतात. एवढं वळण पहिल्या वाक्यात दिसलं की संपादकाला कळतं, हा लेखक आपल्या शाखेत बोलतोय.

म्हणून पहिल्या परिच्छेदात तीनच गोष्टी: प्रश्न काय, साधन काय, काय सापडलं. तीन-चार वाक्यांत.

मग लगेच चौथी गोष्ट येते: यात नवीन काय? इथं तिला मागं जाऊन बघावं लागेल. लिंगोची कथा छापण्याची सुरुवात आजची नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती गोळा केली होती आणि त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये त्यांचे कागद संपादित करून प्रसिद्ध केले, त्यात ती आली. पुढं फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर लिहिलं, ते पुस्तक 1948 चं. आणि आपल्याकडं मोतीरावण कंगाली यांनी पारी कुपार लिंगो आणि कोया पुनेमवर सविस्तर लिहिलं, त्यांची नावं जत्रेतल्या लहान पोरांनाही माहीत असतात.

आता तिनं 'या विषयावर आजवर कोणीच काम केलेले नाही' असं लिहिलं तर? गोंडांवर काम केलेला कुठलाही संपादक हसेल. त्याऐवजी असं सांगायचं: आधीच्या लेखकांनी कथा लिहून काढली. छापलेली कथा पुन्हा लोकांच्या तोंडी कशी गेली, हे मी पाहिलं. बघा, हे छोटं आहे पण खरंच नवीन आहे, आणि जुन्या लेखकांना न ढकलता तिनं आपली जागा सांगितली.

दुसरा परिच्छेद: हेच जर्नल का?

जर्नल ठरवताना तिच्यापुढं दोन-तीन वाटा आहेत. मराठीत लिहायचं तर वाईच्या प्राज्ञपाठशाळेशी जोडलेलं 'नवभारत' किंवा 'समाज प्रबोधन पत्रिका' अशी वैचारिक नियतकालिकं आहेत. इंग्रजीत 'कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी' आहे. आणि जपानच्या नानझान विद्यापीठातून निघणारं 'एशियन एथ्नॉलॉजी' आहे. या शेवटच्याचं आधीचं नाव 'एशियन फोकलोर स्टडीज' होतं आणि ते इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता येतं. तिचा निबंध तोंडी कथेवर आहे, म्हणून ती हे शेवटचं निवडते असं समजू.

आता 'आपले जर्नल जगप्रसिद्ध आहे' हे लिहायची गरज नाही, संपादकाला ते माहीत आहे. मागच्या काही वर्षांचे अंक मोबाइलवरच उघडा, तोंडी कथा किंवा यात्रेवरचा एखादा लेख खरोखर वाचा, आणि आपला निबंध त्या चर्चेत काय भर घालतो हे एका वाक्यात सांगा. असा एकही लेख सापडला नाही, तर जर्नल चुकलंय असं समजा आणि दुसरं शोधा. हे वाक्य लिहिता येतं का, हीच जर्नल बरोबर निवडल्याची चाचणी.

तिसरा परिच्छेद: मी कोण, आणि परवानगी कुणाची

धर्मावरच्या कामात हा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका हाच लोक गाळतात.

ती स्वतः गोंड आहे, दरवर्षी जत्रेला जाते. हे सांगावं का? सांगावं. एका वाक्यात, माफी न मागता आणि मोठेपणाही न मिरवता. याचं मोठं उदाहरण आपल्याच मराठीत आहे. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत स्वतः चालल्या. त्या अनुभवाचा लेख इंग्रजीत 1962 मध्ये 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला. त्यात त्या दूर उभं राहून निरीक्षण करत नाहीत. आपण दिंडीत आहोत हे सांगतात आणि त्याच दिंडीत जातीजातींची पंगत वेगळी बसते हेही सांगतात. आतलं असणं आणि डोळे उघडे ठेवणं या दोन गोष्टी एकत्र जमतात. पत्रात तुम्ही एवढंच दाखवायचं असतं: मी आतली आहे, आणि यामुळं माझ्या कामावर काय परिणाम झाला असेल याचा विचार मी निबंधात अमुक ठिकाणी केलाय.

मग परवानगी. ज्यांची सांगणी नोंदवली त्यांना कशासाठी हे सांगितलं होतं का? नावं बदलली का? जत्रेत सही घेणं अवघड असतं, अनेक म्हाताऱ्या बायका कागद बघूनच बिचकतात. तिथं रेकॉर्डरवर तोंडी संमती घेतली असेल तर तसंच लिहा. बऱ्याच छोट्या कॉलेजांत संशोधनाची नीतिविषयक समिती नसते. मग नसलेल्या समितीचं नाव लिहायचं नाही. 'माझ्या महाविद्यालयात अशी समिती नव्हती, मी मार्गदर्शकांच्या सल्ल्यानं ही पद्धत वापरली,' असं सरळ लिहायचं. संपादक पुढं काही विचारेल तर विचारू दे. खोटं लिहिलेलं नंतर उघडं पडलं तर छापलेला निबंधसुद्धा मागं घेतला जातो.

आणि एक नाजूक गोष्ट. काही विधी, काही मंत्र, काही जागा बाहेरच्यांना दाखवायच्या नसतात. समजा, एका भुमकानं तिला सांगितलं की हे लिहू नको, आणि तिनं ते गाळलं. हे पत्रात आवर्जून सांगायचं. नाहीतर परीक्षक म्हणेल, विधीचं वर्णन अपुरं आहे, भर घाला. संपादकाला आधीच माहीत असेल तर तो ती मागणी तिथंच थांबवू शकतो. फोटोचंही तसंच. चेहरे ओळखू येणारे फोटो असतील तर परवानगी आहे की नाही ते लिहा.

शब्दांचाही खुलासा करा. 'हिंदू गोंड' म्हणायचं, 'कोया पुनेम' म्हणायचं की 'गोंडी धर्म', हा इथं नुसता भाषेचा प्रश्न नाही. 2011 च्या जनगणनेत दहा लाखांहून जास्त लोकांनी धर्माच्या जागी गोंड किंवा गोंडी असं नोंदवलं होतं. म्हणून एक वाक्य पुरे: लोक स्वतःला जे म्हणाले तेच शब्द मी वापरलेत.

चौथा परिच्छेद: कबुलीच्या ओळी

इथं तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. हा निबंध आधी छापलेला नाही. तो सध्या दुसरीकडं पाठवलेला नाही. आणि याचा कुठला भाग कुठं आलाय, तो अमुक.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. एम.ए.च्या प्रबंधातलं एक प्रकरण असेल, दिवाळी अंकात याच विषयावर मराठीत लेख आला असेल, कुठल्या चर्चासत्रात वाचला असेल, तर सांगून टाका. मराठीत छापलं म्हणजे इंग्रजीवाल्यांना कळणार नाही, असं धरून चालू नका. अनेक जर्नलं प्रबंधातला भाग स्वीकारतात, दुसऱ्या भाषेतला लोकांसाठीचा लेखही चालवून घेतात. त्यांना न सांगितलेलं चालत नाही.

एकाच वेळी दोन जर्नलांना पाठवणं मात्र कटाक्षानं टाळा. उत्तर यायला महिने लागतात, वैताग येतो, हे खरं. पण दोन संपादकांनी एकाच परीक्षकाला निबंध पाठवला तर? गोंडी धर्मावर काम करणारे लोक आहेतच किती!

काही जर्नलं परीक्षकांची नावं सुचवायला सांगतात. विचारलं तरच द्या. आपले मार्गदर्शक, सहकारी, नातेवाईक त्यात नकोत.

आता पूर्ण पत्र

हे मी मराठीत वाचतो. इंग्रजीत पाठवताना हाच क्रम, हीच वाक्यं साध्या इंग्रजीत लिहा.

'आदरणीय प्रा. (संपादकांचे आडनाव),

'कचारगडच्या वाटेवरची लिंगोकथा: छापील पुस्तिका आणि तोंडी सांगणी' हा निबंध आपल्या जर्नलसाठी पाठवत आहे. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड यात्रेत लिंगोची कथा आज कोण, कशी सांगते, हा त्याचा प्रश्न आहे. दोन वर्षांच्या यात्रांत नोंदवलेल्या 30 सांगण्यांवरून असे दिसते की तरुण यात्रेकरू छापील पुस्तिकांचा क्रम पाळतात, तर वयस्क स्त्रिया कथा कुळाच्या देवसंख्येशी जोडतात. हिस्लॉप ते कंगाली या लेखकांनी कथा लिहून ठेवली. छापलेली कथा पुन्हा तोंडी परंपरेत कशी शिरते, हे या निबंधात पाहिले आहे.

आपल्या जर्नलमध्ये तोंडी कथा आणि छपाई यांच्या नात्यावर आलेल्या (लेखाचे नाव, वर्ष) या लेखाच्या चर्चेत हा निबंध मध्य भारतातील एका यात्रेची भर घालतो.

मी स्वतः गोंड समाजातील असून या यात्रेला नियमित जाते. याचा अभ्यासावर झालेला परिणाम निबंधाच्या दुसऱ्या भागात मांडला आहे. सर्व निवेदकांची तोंडी संमती ध्वनिमुद्रित आहे आणि नावे बदलली आहेत. माझ्या महाविद्यालयात नीतिविषयक समिती नव्हती. एका विधीचा तपशील निवेदकाच्या विनंतीवरून गाळला आहे.

हा निबंध पूर्वी प्रकाशित झालेला नाही आणि अन्यत्र विचाराधीन नाही. त्याचा काही भाग माझ्या एम.ए. प्रबंधातील आहे. निबंधाची फाइल निनावी केली आहे. शब्दसंख्या तळटीपांसह 7,800 आहे.

आपली,
(नाव, पत्ता, ईमेल)'

एवढंच. एका पानात बसतं. यात 'महान', 'प्राचीन', 'सर्वप्रथम' असा एकही शब्द नाही, हे लक्षात आलं का?

पाठवायच्या आधी

संपादकाचं नाव जर्नलच्या संपादक मंडळाच्या पानावरून घ्या, दोन वर्षांपूर्वीच्या पीडीएफवरून नको, संपादक बदलतात. स्त्री की पुरुष हे नावावरून ओळखू येत नसेल तर 'सर' लिहू नका, 'प्रोफेसर' किंवा 'डॉक्टर' आणि आडनाव पुरतं.

निबंधाची फाइल खरंच निनावी आहे का ते तपासा. वर्डच्या फाइलमध्ये 'प्रॉपर्टीज' उघडलं की लेखक म्हणून तुमचं नाव दिसतं, ते काढा. फाइलच्या नावातही आडनाव नको. आणि मजकुरात 'माझ्या गावी, बोदलकशाजवळ' असं राहिलं असेल तर 'संशोधकाच्या गावी' करा. इतक्या छोट्या क्षेत्रात गावाचं नावही ओळख सांगून जातं.

पत्र पाठवल्यावर दोन दिवसांत 'आपला निबंध स्वीकारला आहे, अमुक रुपये भरा' असं उत्तर आलं तर थांबा. खऱ्या परीक्षणाला दोन दिवस पुरत नाहीत. आणि दोन-तीन महिने काहीच आलं नाही तर निबंधाचा क्रमांक देऊन दोन ओळींची विचारणा करायला हरकत नाही, संपादकांना त्याचा राग येत नाही.

आणि मर्यादाही सांगतो. चांगलं पत्र कच्च्या निबंधाला पक्कं करत नाही. ते फक्त एवढं करतं की तुमचा निबंध नेमका काय आहे, हे पहिल्या मिनिटात कळतं. पत्र लिहिताना प्रश्न, साधन आणि सापडलेली गोष्ट तीन वाक्यांत मावेना, तर बहुतेक वेळा गोंधळ निबंधातच असतो. तेव्हा पत्र बाजूला ठेवून आधी निबंध पुन्हा उघडा.

कुणी निबंध तयार ठेवला असेल तर पत्राचा पहिला परिच्छेद लिहून आणा, पुढच्या वेळी आपण तो इथंच बसून वाचू. भेटूया.